पुण्याच्या ब्रँचचा जुलैचा क्लेम रेशो १०० टक्के का गेला: रिजनल मॅनेजर मॅडमना पाठवलेल्या रिपोर्टची पूर्ण केस

मी पुण्यात जनरल इन्शुरन्सच्या एका ब्रँचचा मॅनेजर आहे. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत रिजनल ऑफिसला क्लेम रेशोचा एक पानी समरी पाठवायचा असतो, रेशो किती, का वाढला किंवा कमी झाला, आणि काय करताय. बरेच जण हा रिपोर्ट अर्ध्या तासात उरकतात, मीही उरकायचो. जुलै २०२४ चा रिपोर्ट मात्र मला दोनदा लिहावा लागला आणि दुसऱ्या वेळी जे लिहिलं ते पहिल्यापेक्षा पूर्ण वेगळं होतं. आकडे गोल केलेत आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय, पण हिशोबाची रीत आणि घडलं ते तसंच आहे.

आधी नेमकं काय मोजतोय ते. हा रेशो फक्त मोटर ओडीचा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा. थर्ड पार्टी यात घेत नाही कारण ते दावे ट्रिब्युनलमधून येतात, वर्षानुवर्षं चालतात आणि महिन्याच्या आकड्यात त्यांचा काही अर्थ लागत नाही. आउटस्टँडिंग म्हणजे आलेल्या पण अजून न दिलेल्या क्लेमसाठी धरून ठेवलेली रक्कम, एकेका क्लेमच्या अशा रकमेला रिझर्व्ह म्हणतात. अर्न्ड प्रीमियम म्हणजे पॉलिसीच्या संपलेल्या दिवसांपुरता कमावलेला प्रीमियम. सूत्र हे:

रेशो = (महिन्यात दिलेले क्लेम + महिनाअखेरचं आउटस्टँडिंग − महिन्याच्या सुरुवातीचं आउटस्टँडिंग) ÷ अर्न्ड प्रीमियम × १००

जुलैला आमचे ५२ लाख पेड झाले. आउटस्टँडिंग १ तारखेला १४० लाख होतं, ३१ ला १६८ लाख, म्हणजे २८ लाखांनी चढलं. ५२ अधिक २८, इनकर्ड झालं ८० लाख. अर्न्ड प्रीमियमही ८० लाख. रेशो बरोबर १००. जूनला तो ६५ होता आणि वर्षाच्या प्लॅनमध्ये ६० धरलेला.

अर्न्ड प्रीमियमवर दोन शब्द बोलतो कारण पहिली गडबड इथेच होणार होती. जुलैमध्ये चाकणच्या एका ट्रान्सपोर्टरची मोठी फ्लीट रिन्यू झाली त्यामुळे बुक केलेला प्रीमियम ११० लाख होता, आणि सेल्सच्या पोरांचं म्हणणं की सर ११० ने भागा ना, ८० भागिले ११० म्हणजे ७३ टक्के येतो, एवढं काही वाईट दिसत नाही. पण १० जुलैला १२ हजारांची पॉलिसी दिली तर जुलैमध्ये तिचे २२ दिवसच संपले, म्हणजे जुलैची कमाई १२ हजारांना ३६५ ने भागून गुणिले २२, साधारण ७२३ रुपये. उरलेले पैसे पुढच्या अकरा महिन्यांतल्या अपघातांसाठी राखलेले आहेत, ते आज कमावले म्हणून दाखवले तर पुढच्या वर्षी त्याच फ्लीटचे क्लेम यायला लागतील तेव्हा भागायला खाली काहीच नसेल. मी नाही म्हटलं. शिवाय रिजनलचा डॅशबोर्ड अर्न्डवरच चालतो, मॅडमना १०० दिसणारच होता.

पहिला ड्राफ्ट मी लिहिला ३ ऑगस्टला आणि त्यात एकच कारण होतं, पाऊस. २५ जुलैला पहाटे खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, पेपरमध्ये आठवडाभर तेच होतं. आमच्याकडेही पाण्याच्या इंटिमेशन आल्या. ब्रँचमध्ये सगळे दोन दिवस फोनवर होते, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलं होतं की रेशो पाण्यानेच फुगलाय. मी लिहिलं, «अतिवृष्टीमुळे क्लेम संख्येत असाधारण वाढ, ऑगस्टमध्ये रेशो पूर्ववत होणे अपेक्षित». आणि पाठवूनही दिलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी, एवढंच विचारलं, «पाण्याच्या गाड्या किती? आणि त्यांचा रिझर्व्ह किती रुपयांचा?» मला आकडा सांगता आला नाही. मी म्हटलं मॅडम बऱ्याच आहेत. त्या म्हणाल्या, «बऱ्याच म्हणजे २८ लाखांच्या आहेत का ते बघा, आणि मग मला लिहा.» खरं सांगतो, फोन ठेवल्यावर लाज वाटली. नोकरीची सतरा वर्षं झाली आणि मी बातमी वाचून रिपोर्ट लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि आमच्या क्लेम्स बघणाऱ्या मॅडम, दोघं सकाळी आठला येऊन बसलो आणि २५ ते ३१ जुलैच्या सगळ्या इंटिमेशन उघडल्या. पाण्याच्या निघाल्या १४. त्यात ५ टू-व्हीलर, सरासरी २८ हजार, म्हणजे १.४ लाख. ८ गाड्या अशा की बेसमेंटमध्ये उभ्या होत्या, सीटपर्यंत पाणी आलं, मालकांनी स्टार्ट मारला नाही, टो करून नेल्या. कार्पेट, सीटफोम, वायरिंग, एक-दोघींचा ईसीयू, साधारण ८५ हजारांनी एक, म्हणजे ६.८ लाख. आणि एक गाडी टोटल लॉस. तिची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ३.६ लाख, गॅरेजचं एस्टिमेट ३.१ लाख, म्हणजे आयडीव्हीच्या ८६ टक्के, ७५ च्या वर गेलं की कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस. सॅल्वेजची, म्हणजे खराब झालेल्या गाडीची, बोली ८० हजार, आपल्या पदरी २.८ लाख. सगळं मिळून ११ लाख.

त्या आठ गाड्यांमुळे ११ लाखांवर भागलं, हे नोंदवून ठेवतो. पाण्यात बुडालेली गाडी सुरू केली की सिलेंडरमध्ये पाणी जातं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग इंजिनाचा खर्चच दीड-दोन लाख. साध्या पॉलिसीत ते परिणामी नुकसान म्हणून बाहेर पडू शकतं आणि इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं असेल तर आपल्यावर येतं. एकतानगरीतल्या एका सोसायटीत वॉचमनने पहाटेच दारोदारी सांगितलं होतं की गाडी सुरू करू नका, ढकलून काढा. त्या एका माणसाने तीन-चार इंजिनं वाचवली असतील. पॉलिसी देताना हे वाक्य आम्ही कधीच कस्टमरला सांगत नाही, आता सांगतो.

तर पाऊस ११ लाख, ८० लाखांवर म्हणजे १४ टक्के सुद्धा नाही. १०० मधून ते काढले तरी ८६ उरतात. बाकीचं कुठून आलं?

हे शोधायला आम्ही आउटस्टँडिंगची फाइलवार यादी काढली आणि जूनअखेरची यादी तिच्या शेजारी लावली. जे क्लेम दोन्ही याद्यांत आहेत, म्हणजे जुलैचे नाहीतच, त्यांचा रिझर्व्ह किती बदलला ते बघितलं. आणि तिथे २२ फाइली अशा सापडल्या की जूनअखेर प्रत्येकीसमोर बरोबर २५,००० लिहिलेले, न कमी न जास्त. कारचा क्लेम रजिस्टर केला की आमच्या सिस्टीममध्ये आपोआप २५ हजार पडतात. एस्टिमेट किंवा सर्व्हे रिपोर्ट आला की क्लेम डेस्कने तो आकडा बदलायचा असतो. मे महिन्यात आमच्या डेस्कवरचा एक माणूस बदली होऊन गेला, जागा भरली नाही, एकटीवर सगळं आलं, सर्व्हेयर रिपोर्ट अपलोड करत राहिले आणि रिझर्व्हचा रकाना तसाच राहिला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नवीन मुलगा जॉइन झाला, त्याने प्रामाणिकपणे सगळ्या फाइली अपडेट केल्या. २२ गुणिले २५ हजार म्हणजे ५.५ लाखांच्या जागी खरा आकडा १८.५ लाख. १३ लाख एका झटक्यात जुलैच्या डोक्यावर. आणि ते नुकसान एप्रिल, मे, जूनमधलं होतं.

हे कळल्यावर मला दोन गोष्टी दिसल्या आणि दुसरी जास्त लागली. एक, जुलैच्या १०० मधले १६ टक्के जुलैचे नाहीतच. दोन, एप्रिल ते जून आम्ही जो ६५-६५ टक्के दाखवत होतो तो खोटा होता, कोणी मुद्दाम केला नाही पण खोटाच. तिमाहीचं अर्न्ड २४० लाख, दाखवलेलं इनकर्ड १५६, त्यात हे १३ घातले की १६९, रेशो ७०. आणि जुलैमधून पाऊस आणि जुनं देणं दोन्ही काढलं की उरतात ५६ लाख, ८० वर ७० टक्के. म्हणजे ब्रँच चार महिने ७० वर चाललीये. जुलै हा वाईट महिना नव्हता, तो फक्त असा महिना होता की ज्यात आधीचं झाकलेलं उघडं पडलं. आणि प्लॅन ६० चा. म्हणजे मुख्य प्रश्न १०० चा नाही, ७० चा आहे, आणि पाऊस ओसरला म्हणून तो जाणार नव्हता.

इथे एक सूचना कुणाला उपयोगी पडेल म्हणून. तुमच्या यादीत रिझर्व्हचा आकडा डीफॉल्ट आहे आणि सर्व्हे रिपोर्टची तारीख भरलेली आहे, अशा फाइली वेगळ्या काढा. या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर रिझर्व्ह चुकीचा आहे, यात अंदाज नाही. आमच्याकडे हे दोन रकाने एकाच शीटमध्ये होते, तीन महिने कोणी शेजारी शेजारी बघितले नाहीत, मी सुद्धा.

मग ७० कशाने. चार महिन्यांचं पूर्ण पोर्टफोलिओ, पाऊस वगळून, अर्न्ड ३२० आणि इनकर्ड २२५, हे आम्ही आधी गाडीच्या वयावर लावून बघितलं, मग सीसीवर, फारसं काही निघालं नाही. बिझनेस कुठून आला त्या हिशोबाने लावलं आणि चित्र एकदम फाटलं. एका कार डीलरमार्फत आलेला बिझनेस अर्न्ड ७२ लाख, इनकर्ड ९० लाख, १२५ टक्के. बाकी सगळी ब्रँच, एजंट, ब्रोकर, वॉक-इन, फ्लीट मिळून अर्न्ड २४८, इनकर्ड १३५, म्हणजे ५४ टक्के. ब्रँच प्लॅनपेक्षा चांगली चाललीये आणि एक दार उघडं आहे.

डीलर मोठा आहे, त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि दर महिन्याला टार्गेटला हात देतो. त्याला मीच आणला होता दोन वर्षांपूर्वी. त्यामुळे हे बघताना मन लागत नव्हतं, पण बघितलं. चार महिन्यांत त्याच्याकडून साधारण २०० फाइली आल्या होत्या. त्यातल्या ११८ फाइलींचं एस्टिमेट ४२ ते ५० हजारांच्या मध्ये. पन्नास हजार ही रेघ मोटरमध्ये महत्त्वाची आहे, तिच्या वर परवानाधारक सर्व्हेयर नेमावा लागतो, खाली असेल तर आपला माणूस जाऊन किंवा नुसते फोटो बघून आम्ही सेटल करतो. अपघातांना पन्नास हजारांची रेघ माहीत नसते. नैसर्गिक क्लेम दहा, अठरा, तीस, पंच्याहत्तर असे पसरलेले असतात, इथे सगळे एका कोपऱ्यात दाटले होते.

एक फाइल पूर्ण सांगतो. साडेचार वर्षांची हॅचबॅक, पॉलिसी संपायला १९ दिवस बाकी. क्लेममध्ये लिहिलंय, वारजे पुलाखाली पुढच्या गाडीने ब्रेक मारला, समोरून धडकली. एस्टिमेट: पुढचा बंपर ९ हजार, हेडलॅम्प ८ हजार, फेंडर ४ हजार, पेंट १२ हजार, लेबर ५ हजार, जीएसटी बाजूला ठेवू, एकूण ३८ हजार. साधी पॉलिसी असती तर प्लास्टिकवर ५० टक्के घसारा म्हणजे बंपर आणि लॅम्पचे साडेआठ हजार कमी, चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागावर ३५ टक्के म्हणजे फेंडरचे १,४०० कमी, पेंटच्या बिलात २५ टक्के माल धरून त्याच्यावर ५० टक्के म्हणजे १,५०० कमी. घसारा एकूण ११,४००, वर कंपल्सरी डिडक्टिबल १ हजार, आपण देणार २५,६००. पण झिरो डेप होतं, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, म्हणून ३७,०००. त्या झिरो डेपचा प्रीमियम त्या गाडीवर १,८०० रुपये घेतला होता. आणि पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्टही होतं, म्हणजे क्लेम केला म्हणून पुढच्या वर्षीची सूट जाण्याची भीतीही नाही. कस्टमरला क्लेम न करण्याचं एकही कारण आम्ही ठेवलं नव्हतं.

आता त्या फाइलीतले फोटो. आमच्या पॅनेलवर एक जुने सर्व्हेयर काका आहेत, मी त्यांना म्हटलं काका नुसते फोटो बघून सांगा. त्यांनी मोबाईलवर फेंडरचा फोटो मोठा केला आणि बोट ठेवलं. पत्र्यावर ओरखडा होता आणि ओरखड्याच्या आत तांबूस गंज. धडक चार दिवसांपूर्वीची सांगितलीये, पण रंग उडालेल्या पत्र्यावर असा थर चार दिवसांत धरत नाही. बंपरच्या खरचटीत माती बसून घट्ट झालेली. मग म्हणाले, समोरून ठोकली ना, मग फेंडरवरचा ओरखडा मागून पुढे कसा, तो तर खांबाला घासून गाडी रिव्हर्स घेताना पडतो. आणि हेडलॅम्पची काच अख्खी, फक्त एक लग तुटलेला. म्हणजे वर्षभराची पार्किंगमधली खरचट आणि एखादी खरी छोटी धडक, सगळं एका अपघातात बांधून पॉलिसी संपायच्या आधी गाडी नवी करून दिलेली. कस्टमरला कदाचित माहीतही नसेल, वर्कशॉपचा ॲडव्हायझर म्हणतो तुमचं झिरो डेप आहे, करून घ्या, फुकट आहे.

त्या ११८ मधल्या ४० फाइली काकांना दाखवल्या. २६ मध्ये त्यांना जुनं नुकसान नव्यात मिसळलेलं दिसलं, १४ व्यवस्थित होत्या. हे १४ मला महत्त्वाचे वाटले. सगळेच खोटे असते तर काम सोपं होतं.

मग दुसरा रिपोर्ट लिहिला. तो जवळपास जसाच्या तसा देतो:

«मॅडम, जुलैचा रेशो १००. त्यातले १४ टक्के २५ जुलैच्या पाण्याचे, १४ गाड्या, ११ लाख, हे पुन्हा येणार नाहीत. १६ टक्के एप्रिल-जूनच्या २२ क्लेमचा रिझर्व्ह डीफॉल्टवर राहिला होता त्याची दुरुस्ती, १३ लाख. ही चूक ब्रँचची आहे आणि त्यामुळे आधीच्या तिमाहीचा ६५ हा आकडा प्रत्यक्षात ७० होता. उरलेला ७० हा आमचा आजचा खरा रेशो आहे. तो ६० च्या वर आहे याचं कारण एका डीलरचा बिझनेस, १२५ टक्के, तो वगळला तर ब्रँच ५४ वर आहे. माझा ३ तारखेचा रिपोर्ट चुकीचा होता, तो रद्द समजावा.»

कारणं लिहिणं सोपं गेलं, उपाय लिहिताना जास्त विचार करावा लागला, कारण उपाय दोन जातीचे असतात आणि रेशोवर त्यांचा परिणाम वेगवेगळ्या वेळी दिसतो. अंडररायटिंगमध्ये केलेला बदल, म्हणजे तीन वर्षांवरच्या गाडीला त्या डीलरकडून रिन्यूअलला झिरो डेप देताना आधी गाडीचे सहा बाजूंचे फोटो घेणं, जुनी खरचट पॉलिसीतच नोंदवणं, झिरो डेपचे वर्षाला दोनच क्लेम, एनसीबी प्रोटेक्ट बंद, आणि ओडीवरची सूट कमी, हे सगळं नव्याने निघणाऱ्या पॉलिसीलाच लागू होतं. आधी विकलेल्या पॉलिसीच्या अटी मधेच बदलता येत नाहीत. त्यामुळे ऑगस्टपासून सुरू केलं तरी तिसऱ्या महिन्याच्या अर्न्ड प्रीमियममध्ये बदललेल्या पॉलिसींचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा, पूर्ण असर दिसायला वर्ष. बरेच मॅनेजर इथे फसतात, लिहून देतात की पुढच्या महिन्यापासून सुधारणा, आणि पुढच्या महिन्यात काही हलत नाही मग परत पाऊस, परत सणवार.

दुसऱ्या जातीचा उपाय क्लेमच्या टेबलावरचा, तो लगेच लागतो. त्या डीलरच्या ३० हजारांवरच्या प्रत्येक क्लेमला बाहेरचा सर्व्हेयर प्रत्यक्ष वर्कशॉपमध्ये, पार्ट काढायच्या आधी. दोन महिने. आणि पार्ट बदलला तर जुना पार्ट आमच्या ताब्यात. क्लेम पूर्ण नाकारायचा नाही, जेवढं नुकसान सांगितलेल्या अपघाताशी जुळतं तेवढं मान्य करायचं, जे जुळत नाही ते कारणासकट लेखी कळवायचं. हे मी मुद्दाम लिहिलं कारण आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की त्यांचे सगळे क्लेम अडवा म्हणजे सरळ होतील. कस्टमरची काय चूक, आणि कारण न देता अडवलं तर तो पुण्यातच विमा लोकपालांकडे जाईल आणि तिथे आपण हरू, हरायलाच पाहिजे.

रिझर्व्हसाठी एकच काम ठरवलं. दर सोमवारी सकाळी डीफॉल्ट रिझर्व्ह आणि सर्व्हे रिपोर्ट आलेला अशा फाइलींची यादी माझ्या टेबलावर. माझी सही. शून्य असेल तरी शून्याची सही.

आणि एक कटू गोष्टही रिपोर्टमध्ये घातली. डीलर नाराज होईल, महिन्याला १८ लाखांचा प्रीमियम धोक्यात आहे, टार्गेट चुकलं तर कारण हेच असेल हे आजच सांगून ठेवतो. मॅडमचा रिप्लाय दोन ओळींचा आला. प्रीमियमची काळजी सप्टेंबरपर्यंत करू नका, आणि त्या चौदा चांगल्या फाइलींचे कस्टमर त्रासात येणार नाहीत हे बघा.

डीलरकडे मी स्वतः गेलो, फोनवर नाही. त्यांच्या सर्व्हिस हेडसमोर ती हॅचबॅकची फाइल ठेवली, गंजाचा फोटो ठेवला. तो पहिली दहा मिनिटं तावातावाने बोलला, म्हणाला बाकीच्या कंपन्या काही विचारत नाहीत, तुम्हालाच काय. मी म्हटलं तुमची १२५ टक्क्यांवर चाललेली पॉलिसी कोणीच जास्त दिवस चालवणार नाही, आज मी आलोय, वर्षभराने माझ्या जागी दुसरा येईल तो सरळ टाय-अप बंद करेल. मग तो शांत झाला आणि खरं बोलला, की ॲडव्हायझरना महिन्याच्या इन्शुरन्स बिलिंगवर इन्सेंटिव्ह आहे. हे कारण आमच्या कुठल्याही शीटमध्ये दिसलं नसतं.

पुढचे आकडे असे. ऑगस्ट ७१, सप्टेंबर ६६, ऑक्टोबर ६३. डीलरच्या फाइलींचं सरासरी एस्टिमेट ४५ हजारांवरून सप्टेंबरमध्ये ३१ वर आलं, आणि एस्टिमेट परत सगळ्या आकड्यांवर पसरायला लागले. त्याने आमचा साधारण तिसरा हिस्सा बिझनेस दुसरीकडे वळवला, महिन्याला १८ नाही, सहा लाख गेले.

एक गोष्ट मात्र चुकली. सप्टेंबरच्या सुरुवातीला धनकवडीच्या एका ताईंची गाडी, खरी समोरासमोरची धडक, ४४ हजारांचं काम, बाहेरचा सर्व्हेयर लागणार म्हणून वर्कशॉपने गाडी उघडलीच नाही आणि सर्व्हेयर गणपतीच्या सुट्टीमुळे सहाव्या दिवशी पोहोचला. गाडी नऊ दिवस पडून. त्या ब्रँचमध्ये आल्या, म्हणाल्या, «मी काय चोरी केलीये का, मला का थांबवताय?» माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी माफी मागितली. त्यानंतर नियम बदलला, सर्व्हेयर ४८ तासांत पोहोचला नाही तर आमचा इन-हाउस माणूस व्हिडिओवर बघून काम सुरू करायला सांगेल आणि जुने पार्ट ठेवून घेतले जातील. हा बदलही ऑक्टोबरच्या रिपोर्टमध्ये लिहिला, उशिराच्या तक्रारीसकट.

झिरो डेपसोबत एनसीबी प्रोटेक्ट विकणं बाकीच्या सोर्सलाही बंद करावं का यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाहीये. माझं म्हणणं एजंटच्या बिझनेसमध्ये ते ५४ मध्येच बसतंय, तिथे हात लावू नये. त्यांनी सोर्सवार बारा महिन्यांचे आकडे मागितलेत, नोव्हेंबरच्या रिपोर्टसोबत जातील. या सोमवारच्या यादीत डीफॉल्ट रिझर्व्हच्या दोन फाइली होत्या, दोन्ही शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या रिपोर्टच्या, दुपारपर्यंत बदलून झाल्या.